दहा हजारांचे बारा हजार : बोनसचा खरा हिशोब

लग्नसराईच्या तोंडावर सलूनमध्ये आग्रह होतो: ‘१०,००० रुपये भरा, कार्डावर १२,००० जमा होतील; मुदत सहा महिने.’ बोनस २० टक्के दिसतो. पण सगळी रक्कम वापरली, तरी १२,००० रुपयांच्या कामावर २,००० वाचतात. म्हणजे सूट सुमारे १७ टक्केच.

आता घरचा खर्च पाहू. महिन्याला १,५०० रुपये लागत असतील, तर सहा महिन्यांत ९,००० वापरले जातात. उरलेले ३,००० मुदतीबरोबर बुडतात. म्हणजे ९,००० रुपयांच्या कामाला आपण १०,००० मोजले! महिन्याचा खर्च साधारण १,६७० रुपयांहून कमी असेल, तर हा सौदा तोट्याचाच.

दुसरा धोका दुकान बंद पडण्याचा. एखाद्या दुकानाने फक्त स्वतःच्या सेवेसाठी दिलेल्या कार्डाला रिझर्व्ह बँकेची परवानगी लागत नाही; त्यामुळे तिची देखरेखही नसते. शटर कायमचे खाली आले, की आपले पैसे मालकाच्या इतर देण्यांच्या रांगेत जातात.

म्हणून आधी मागच्या सहा महिन्यांच्या बिलांची बेरीज करा. मुदत आणि परताव्याची अट पावतीवर लिहून घ्या. वाद झालाच, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते. तेव्हा ती पावतीच कामी येते.