एका किलोमीटरची दोन कामं

९ फेब्रुवारी २०२४ रोजी, शाळाप्रवेशाचा हंगाम तोंडावर आलेला असताना, राज्य सरकारने राजपत्रात शिक्षणहक्काच्या नियमांची एक दुरुस्ती प्रसिद्ध केली. मजकूर जेमतेम दोन-तीन पानांचा होता. त्यातल्या एका परंतुकाचा अर्थ असा होता : ज्या खासगी विनाअनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या परिघात सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे, ती शाळा पंचवीस टक्के आरक्षित प्रवेशांसाठी धरली जाणार नाही. शहरात राहणाऱ्या कुणालाही याचा परिणाम लगेच कळेल. महापालिकेची किंवा अनुदानित शाळा हाकेच्या अंतरावर नाही, अशी खासगी शाळा शहरात शोधूनच काढावी लागते. म्हणजे हक्क कायद्यात जसाच्या तसा राहिला आणि तो वापरायच्या शाळा मात्र यादीतून गेल्या.

विधानसभेत यासाठी विधेयक आलं नव्हतं, मतदानही झालं नव्हतं. मंत्रालयात मसुदा तयार झाला, राजपत्रात छापला गेला आणि लागू झाला. हे कसं चालतं, असं त्या वेळी अनेक पालकांनी विचारलं. उत्तर असं की एरवी हे चालतं, आणि चालायलाही हवं. बिघडलं ते कुठे, तेवढंच नेमकं पाहायला हवं.

कायदा करणाऱ्या सभागृहाला सगळंच लिहिता येत नाही. संसदेने २००९मध्ये मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा केला, तेव्हा मुलाला परिसरातल्या शाळेत जाता यावं, हे तिने ठरवलं. पण परिसर म्हणजे किती अंतर? कोकणातल्या वाडीतून ओढा ओलांडून जाणाऱ्या मुलाचं एक किलोमीटर आणि पुण्यातल्या पेठेतलं एक किलोमीटर सारखं नसतं. तसंच आर्थिक दुर्बल घटकातलं मूल म्हणजे किती उत्पन्नाच्या घरातलं, हा आकडा दिल्लीत एकदाच ठरवून सगळ्या राज्यांना पुरणारा नाही. महागाईबरोबर तो बदलावा लागतो आणि दर वेळी त्यासाठी संसदेने कायदा दुरुस्त करत बसणं शक्य नाही. म्हणून संसदेने तत्त्व स्वतःकडे ठेवलं आणि तपशील सरकारांवर सोपवला. महाराष्ट्राने २०११मध्ये नियम केले. पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटर, ही परिसराची व्याख्या त्या नियमांमधून आली. दुर्बल घटकासाठी वार्षिक एक लाख रुपयांची मर्यादाही राज्यानेच ठरवली. कायद्याच्या भाषेत याला दुय्यम विधान म्हणतात. साध्या शब्दांत सांगायचं तर कुलमुखत्यारपत्र देऊन करून घेतलेलं काम. मुखत्यार सही करतो, पण जमीन त्याची होत नाही.

मालकी किती राखायची, हा वाद प्रजासत्ताकाइतकाच जुना आहे. १९५१मध्ये दिल्ली कायद्यांच्या प्रकरणात राष्ट्रपतींनी सर्वोच्च न्यायालयाचं मत मागवलं. सात न्यायमूर्ती बसले आणि सातही जणांनी वेगवेगळं मतपत्र लिहिलं. त्या गुंत्यातून हाती आलेलं सूत्र मात्र आजही वापरात आहे : धोरण ठरवणं हे विधिमंडळाचं गाभ्याचं काम आहे आणि ते दुसऱ्याला देता येत नाही. ठरलेलं धोरण अमलात आणण्याचा तपशील देता येतो.

आता ही कसोटी त्या परंतुकाला लावून पाहू. मूळ कायद्याचं कलम १२(१)(क) सांगतं की विनाअनुदानित शाळेने पहिलीच्या वर्गात किमान पंचवीस टक्के जागांवर परिसरातल्या दुर्बल आणि वंचित घटकांतली मुलं घ्यावीत आणि त्यांना प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मोफत शिकवावं. शेजारी सरकारी शाळा आहे की नाही, असा प्रश्न हे कलम विचारत नाही. नियम करण्याचा अधिकार आहे कलम ३८मध्ये. त्यातले शब्द आहेत ‘या कायद्याच्या तरतुदी अमलात आणण्यासाठी’. पुढे कोणकोणत्या बाबींवर नियम करता येतील, याची यादी आहे. परिसराची हद्द त्यात आहे. शाळांना द्यायच्या खर्चाच्या प्रतिपूर्तीची पद्धतही आहे. शाळांना पंचवीस टक्क्यांतून सूट देण्याचा अधिकार त्यात कुठेच नाही.

हा अधिकार अनवधानाने राहून गेला असेल, असं म्हणण्यालाही जागा नाही. जिथे सवलत द्यायची होती, तिथे संसदेने ती स्पष्ट लिहिली आहे. शिक्षकांच्या पात्रतेत केंद्र सरकारला काही काळ शिथिलता देता यावी, यासाठी कलम २३मध्ये तरतूद आहे आणि तिला पाच वर्षांची कमाल मुदतही घातली आहे. मदरसे आणि वेदपाठशाळांना कायद्यातून वगळायचं ठरलं, तेव्हा २०१२मध्ये संसदेने कायद्यातच दुरुस्ती केली. तिथे नियमाने काम भागवलं नाही.

म्हणजे २०११मध्येही एक किलोमीटर होता आणि २०२४मध्येही एक किलोमीटरच होता. पहिल्या वेळी त्या अंतराने हक्क कुठवर पोहोचतो, हे सांगितलं. दुसऱ्या वेळी त्याच अंतराने हक्क कुठे संपतो, हे ठरवलं. पहिलं काम तपशिलाचं, दुसरं धोरणाचं. नियम वाचताना मी आकड्यांकडे फारसं पाहत नाही. तो आकडा कोणतं काम करतो आहे, हे पाहतो.

सरकारची बाजू अगदीच पोकळ नव्हती. खासगी शाळांची प्रतिपूर्ती थकत होती आणि सरकारी शाळांचे पट घसरत होते. आपल्याच शाळेत जागा रिकामी असताना शेजारच्या शाळेला पैसे का द्यायचे, हा प्रश्न राज्यकर्त्याने विचारणं गैर नाही. पण तो धोरणाचा प्रश्न आहे आणि त्याची जागा सभागृहात आहे. शिक्षण समवर्ती सूचीत असल्याने राज्याला विधेयक आणता आलं असतं. केंद्रीय कायद्याशी ते विसंगत ठरणार म्हणून राष्ट्रपतींची अनुमतीही घ्यावी लागली असती. ही वाट लांबची आहे आणि ती मुद्दाम लांब ठेवलेली आहे. त्या वाटेवर विरोधी बाकांवरून कुणीतरी उठून विचारतं की माझ्या मतदारसंघातल्या धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या मुलाचं काय होणार. राजपत्राच्या वाटेवर हे विचारणारं कुणी भेटत नाही.

ते न्यायालयात भेटलं. पालक आणि संघटना मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. ६ मे रोजी दुरुस्तीला स्थगिती मिळाली. १९ जुलैला मुख्य न्यायमूर्ती देवेंद्रकुमार उपाध्याय आणि न्यायमूर्ती अमित बोरकर यांच्या खंडपीठाने ती मूळ कायद्याला बाधक ठरवून रद्द केली. त्यावरचं आव्हान सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्टमध्ये फेटाळलं. यंत्रणा चालली, असं म्हणून इथे थांबता आलं असतं. पण दिनदर्शिका समोर ठेवून बघा. फेब्रुवारीत नियम, मेमध्ये स्थगिती, जुलैत निकाल. मधल्या काळात प्रवेशप्रक्रिया एकदा नव्या नियमाने सुरू झाली आणि स्थगितीनंतर पुन्हा पहिल्यापासून करावी लागली. शाळा जूनमध्ये भरल्या. ज्या मुलांसाठी हा सगळा खटाटोप, त्यांचा पहिलीचा वर्ग त्यांच्याशिवाय सुरू झाला. न्यायालय चूक रद्द करू शकतं, पण पहिलीतला गेलेला महिना परत आणू शकत नाही. शिवाय ते स्वतःहून दार ठोठावत नाही. कुणीतरी वकील करून, कागद गोळा करून तिथवर जावं लागतं.

म्हणून मला न्यायालयाच्या आधीच्या दोन चाळण्यांबद्दल बोलायचं आहे. पहिली चाळणी पूर्वप्रसिद्धीची. नियमाचा मसुदा आधी छापायचा, हरकती आणि सूचना मागवायच्या, त्यांचा विचार करायचा आणि मगच नियम पक्का करायचा. मोटार वाहन कायद्याच्या कलम २१२मध्ये ही अट स्पष्ट आहे. म्हणूनच त्या कायद्याखालच्या नियमांचे मसुदे आधी लोकांसमोर येतात. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम ३८मध्ये हे शब्दच नाहीत. तिथे सरकारने अधिसूचना काढली की नियम झाला. हरकतींसाठी तीस दिवस दिले असते, तर पालक संघटनांनी न्यायालयात मांडलेला मुद्दा आधीच मंत्रालयात पोहोचला असता. सरकारने तो मानला असता की नाही, हा पुढचा प्रश्न. पण निदान मुलांच्या प्रवेशाआधी तो कानावर पडला असता.

दुसरी चाळणी सभागृहाची. केलेले नियम सभागृहाच्या पटलावर ठेवायचे असतात. पटलावर ठेवण्याचेही प्रकार आहेत आणि इथे कलम ३८चा बारकावा पाहण्यासारखा आहे. केंद्र सरकारने केलेला नियम संसदेपुढे एकूण तीस दिवस राहतो. त्या मुदतीत दोन्ही सभागृहांचं एकमत झालं, तर नियम बदलतो किंवा रद्द होतो. हीच व्यवस्था महाराष्ट्राच्या स्वतःच्या बहुतेक कायद्यांत असते. पण शिक्षणहक्क कायदा संसदेचा आणि नियम राज्याचे, अशी जोडी आहे. तिच्यासाठी कलम ३८(४) एवढंच म्हणतं की नियम लवकरात लवकर राज्य विधिमंडळापुढे ठेवावा. पुढे काय करायचं, त्याची मुदत किती, विधिमंडळ तो बदलू शकतं का, याबद्दल अवाक्षर नाही. म्हणजे हा नियम अगदी पोरका असतो. ज्या संसदेने अधिकार दिला, तिच्यापुढे तो जात नाही. ज्या विधिमंडळापुढे जातो, त्याच्या हातात तो मोडण्याचं हत्यार कायद्याने दिलेलं नाही. आमदार त्यावर बोलू शकतात, प्रश्न विचारू शकतात, पण त्यांच्या ठरावाने तो आपोआप पडत नाही.

जिथे तीस दिवसांची सोय आहे, तिथेही ती फारशी कामी येत नाही, हे मान्य करायला हवं. पटलावर ठेवलेल्या कागदांचा गठ्ठा कुणी उघडून पाहत नाही. नियम तपासणाऱ्या समित्या आहेत. लोकसभेची १९५३पासून काम करते आणि तिच्यात मंत्र्यांना सदस्य होता येत नाही. पण समितीचा अहवाल यायचा तोवर नियम अमलात येऊन बराच काळ गेलेला असतो आणि तिची शिफारस सरकारला बंधनकारकही नसते. म्हणून दोन चाळण्यांपैकी एकच निवडायची झाली, तर मी पूर्वप्रसिद्धी निवडेन. आमदाराकडे शंभर नियम वाचायला वेळ नसतो. ज्याच्या मुलाचा प्रवेश अडणार आहे, तो मात्र आपल्यापुरता एक नियम डोळ्यांत तेल घालून वाचतो.

हा इलाज खर्चिक नाही. विधेयकाच्या शेवटच्या पानांवर ‘नियम करण्याचा अधिकार’ नावाचं कलम असतं. दरांवर आणि दंडावर चर्चा रंगते आणि त्या कलमावर बहुधा कुणी बोलत नाही. पुढच्या अधिवेशनात एखादं विधेयक त्या पानावर येईल, तेव्हा एका सदस्याने उठून ‘पूर्वप्रसिद्धीच्या अटीस अधीन राहून’ एवढे चार शब्द घालण्याची दुरुस्ती सुचवावी. ९ फेब्रुवारीच्या त्या परंतुकाआधी हे चार शब्द नव्हते. त्यांची किंमत पहिलीतल्या मुलांनी मोजली.