भजी शनिवारी, बाकी दिवस डब्यांतून

संध्याकाळी सहाला पाऊस कोसळू लागतो, मुले शाळेतून आणि मोठी माणसे कामावरून भिजून घरी येतात आणि भूक लागलेली असते. बेसन, कांदा आणि तेल घरात असतेच. त्यामुळे भजी होतात. कधीतरी झाली तर बिघडत नाही. पण पावसाची झड आठवडाभर टिकली आणि रोज कढई चढू लागली, तर काय होते ते मोजून पाहावे.

समजा, चौघांच्या घरात भज्यांसाठी कढईत 400 मिली तेल ओतले आणि तळण संपल्यावर ते 320 मिली उरले. मधले 80 मिली बहुतेक सगळे भज्यांत गेले. म्हणजे माणशी 20 मिली, चहाचे चार चमचे, आणि त्यातून सुमारे 165 कॅलरी. यात बेसन आणि सोबतचा गोड चहा धरलेला नाही. दुपारच्या भाजीतले आणि रात्रीच्या आमटीच्या फोडणीतले तेल याहून वेगळे. कोणाच्या घरी भजी किती तेल पितात हे पीठ, आच आणि आकारावर ठरते. म्हणून एकदा तळण्याआधी आणि तेल गार झाल्यावर मापाच्या भांड्याने मोजावे.

उरलेल्या तेलाचा प्रश्न त्याहून गंभीर आहे. टाकवत नाही म्हणून तेच तेल दुसऱ्या दिवशी पुन्हा तापवले जाते. दर वेळी तापताना तेल विघटित होते आणि त्यात शरीराला अपायकारक घटक साठत जातात. व्यावसायिक तळणासाठी अन्नसुरक्षा नियमांत अशा घटकांची मर्यादा 25 टक्के आहे. घरी ती मोजता येत नाही. तेल काळपट आणि दाट झाले, त्यावर फेस येऊ लागला किंवा ते लवकर धुरायला लागले, तर ते वापरू नये. एकदा तळलेले तेल गाळून एक-दोन दिवसांत फोडणीला संपवावे. त्यात पुन्हा तळण करू नये.

रोज तळण होण्याचे कारण केवळ चव नसते. सहाला विचार सुरू केला तर झटपट होणारे तेच सुचते. म्हणून संध्याकाळचे खाणे सकाळीच ठरवायला हवे. सकाळी आठला दीड वाटी मटकी किंवा मूग भिजत घातले, तर संध्याकाळी ते टचटचीत फुगलेले असतात; मोड आलेच पाहिजेत असे नाही. कुकरच्या एक-दोन शिट्ट्या, दोन चमचे तेलाची फोडणी, वर कांदा आणि लिंबू. चौघांना मिळून 10 मिली तेल लागले, म्हणजे माणशी अडीच मिली, भज्यांच्या एक अष्टमांश. मोड आणलेले कडधान्य मात्र या दमट दिवसांत कच्चे देऊ नये, शिजवूनच द्यावे.

दुसऱ्या दिवशी भाजणीचे थालीपीठ. त्यात किसलेला दुधी घालावा, एका थालीपिठाला चमचाभर तेल मोजून सोडावे आणि वर झाकण ठेवावे. भोकांतून बाटलीनेच तेल ओतले, तर तेही भज्यांच्या पंक्तीला बसते. तिसऱ्या दिवशी कोथिंबिरीची वडी उकडून, तळण्याऐवजी तव्यावर परतून. चौथ्या दिवशी कुरमुरे, फुटाणे, शेंगदाणे, कांदा आणि टोमॅटोची ओली भेळ, शेवेशिवाय. मधुमेह असलेल्यांनी यात कुरमुरे कमी आणि फुटाणे जास्त घ्यावेत, कारण नुसत्या कुरमुऱ्यांनी रक्तातली साखर झटकन वाढते. रक्तदाब असलेल्यांनी खाऱ्या दाण्यांऐवजी साधे दाणे वापरावेत.

पावसाळ्यात डब्यांकडेही लक्ष हवे. सादळलेले कुरमुरे कोरड्या कढईत मंद आचेवर तीन-चार मिनिटे परतले की पुन्हा कुरकुरीत होतात. शेंगदाण्यांचे तसे नाही. बुरशी धरलेल्या दाण्यांत अफ्लाटॉक्सिन हे यकृताला घातक विष असू शकते आणि ते भाजून पुरते जात नाही. सुरकुतलेले, काळसर, हिरवट किंवा चवीला कडू दाणे निवडून फेकावेत. डब्यालाच कुबट वास असेल तर सगळा डबा फेकावा. म्हणून या दिवसांत दाणे पावशेरच आणावेत आणि घट्ट झाकणात ठेवावेत.

मग शनिवारी भजी करावीत. ताज्या तेलात, चौघांना पुरतील एवढीच, आणि कढईही लहान घ्यावी, म्हणजे मागे तेल कमी उरेल.