बिलावरचा पत्ता आणि सीमेवरचा दुकानदार

कर्नाटकच्या वाणिज्य कर खात्याने जुलै २०२५ मध्ये यूपीआय व्यवहारांच्या नोंदी तपासून हजारो छोट्या दुकानदारांना नोटिसा धाडल्या. २०२१-२२ पासूनच्या जमा रकमांचा हिशेब त्यांत मागितला होता. व्यापाऱ्यांनी निषेध केल्यावर मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी २३ जुलै रोजी त्यांच्या प्रतिनिधींची बैठक घेतली. जुनी थकबाकी वसूल केली जाणार नाही, मात्र नोंदणी करावी लागेल, असे त्यांनी सांगितले. तेव्हापासून ‘जीएसटी सोप्या शब्दांत’ सांगणाऱ्या चित्रमालिकांना मागणी आहे. मालविक्रीची वार्षिक उलाढाल ४० लाखांपुढे गेली की नोंदणी, सेवेसाठी मर्यादा २० लाख, ताजी भाजी किंवा सुटे दूध यांसारखा केवळ करमुक्त मालच विकणाऱ्यास नोंदणीची गरज नाही, इतके त्यांतून नीट कळते. मात्र बीदर व कलबुर्गीच्या दुकानदाराला नेमके जे कळायला हवे, ते अशा सर्वसाधारण माहितीत सहसा सापडत नाही.

औराद, भालकी, बसवकल्याण, आळंद, अफझलपूर या तालुक्यांची हद्द महाराष्ट्राला भिडलेली आहे. उदगीर, निलंगा, उमरगा, अक्कलकोट भागातील गिऱ्हाईक येथे सोयरिकीला येते, तसेच खरेदीलाही येते. गल्ल्यावर माल हाती दिला, पैसे घेतले, म्हणजे विक्री कर्नाटकातच झाली, असे दुकानदार धरून चालतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून मात्र नियम बदलला आहे. नोंदणी नसलेल्या गिऱ्हाइकाचा पत्ता बिलावर लिहिला असेल, तर त्या पत्त्याचे राज्य हे पुरवठ्याचे ठिकाण ठरते. पत्ता नसेल, तर दुकानदाराचे. नुसते राज्याचे नाव लिहिले, तरी तो पत्ताच समजला जातो.

उदाहरणार्थ, भालकीच्या एका दुकानातून उदगीरचा ग्राहक ३०,००० रुपयांचा फ्रिज घेतो. कर १८ टक्के, म्हणजे ५,४०० रुपये. बिलावर पत्ता नसेल, तर २,७०० रुपये केंद्राच्या आणि २,७०० कर्नाटकाच्या खाती जातात. ‘उदगीर, महाराष्ट्र’ असे लिहिले, की सगळे ५,४०० रुपये आंतरराज्य करात, म्हणजे आयजीएसटीत भरावे लागतात. ग्राहकाला फरक पडत नाही. दुकानदाराने रकाना चुकवला, तर योग्य खात्यात पुन्हा कर भरून आधीचा परत मागावा लागतो. अशा वेळी व्याज लागत नाही, पण परतावा येईपर्यंत भांडवल अडकते. करपात्र किंमत ५०,००० रुपये वा अधिक असेल, तर करबिलावर नाव, पत्ता व राज्य लिहिणे बंधनकारक आहे. तेथे निवडीला वाव नाही.

खरा धोका कंपोझिशन योजनेतील दुकानदाराला आहे. दीड कोटीपर्यंत उलाढाल असलेला व्यापारी या योजनेत एक टक्का कर भरतो. तो ग्राहकाकडून कर घेऊ शकत नाही आणि करबिलाऐवजी ‘बिल ऑफ सप्लाय’ देतो. लातूर किंवा सोलापूरहून माल आणण्यास त्याला मुभा आहे. परराज्यात माल विकण्यास नाही. सवयीने लिहिलेला उदगीरचा पत्ता त्याची विक्री कागदोपत्री आंतरराज्य ठरवतो आणि योजनेची पात्रताच धोक्यात येते. ४० लाखांच्या आतला, नोंदणी नसलेला दुकानदारही सुटत नाही, कारण करपात्र मालाच्या आंतरराज्य विक्रीला ती मर्यादा लागू नाही.

याचा अर्थ पत्ता लपवावा, असा नव्हे. माल उदगीरला पोचवून द्यायचा असेल, तर तो व्यवहार आंतरराज्य म्हणूनच दाखवला पाहिजे. गल्ल्यावर दिलेल्या छोट्या मालाच्या बिलावर अनावश्यक पत्ता टाकू नये, इतकेच. बिलाच्या संगणकात ग्राहकाचे राज्य आपोआप भरले जात असेल, तर तेही तपासावे. महिन्याच्या नोंदींत २७, म्हणजे महाराष्ट्राचा संकेतांक दिसला, की चूक ओळखता येते. कर्नाटकाचा संकेतांक २९ आहे.

ही तपासणी विवरणपत्राआधी व्हायला हवी. कंपोझिशनवाल्याला तिमाही संपल्यावर पुढील महिन्याच्या १८ तारखेपर्यंत CMP-08 भरून कर द्यावा लागतो, आणि वर्षाचे GSTR-4 ३० जूनपर्यंत. नियमित पण तिमाही पद्धत निवडलेल्याला विक्रीच्या तपशिलाचे GSTR-1 १३ तारखेपर्यंत, तर GSTR-3B कर्नाटकात २२ तारखेपर्यंत भरायचे असते. तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांचा कर मात्र पुढच्या महिन्याच्या २५ तारखेपर्यंत जमा करावा लागतो. बिले तपासायची ती १३ तारखेच्या आत, कारण त्यानंतर चूक GSTR-3B भरण्याआधी GSTR-1A मध्ये किंवा मग पुढच्या विवरणात दुरुस्त करावी लागते.

नियम देशभर एकच आहे. सावंतवाडीच्या गिऱ्हाइकाला माल देणाऱ्या पेडण्याच्या दुकानदारालाही तो तितकाच लागू पडतो.