डोमेन कोणाच्या नावावर आहे?

वार्षिक सर्वसाधारण सभेत नवी कार्यकारिणी निवडून आली की जुने कार्यवाह नव्यांच्या हाती कपाटाच्या किल्ल्या, सभासदांची नोंदवही, इतिवृत्ताची पुस्तके आणि बँकेतील सही-बदलाचे कागद सोपवतात. त्याची पोचही घेतली जाते. संस्थेची वेबसाइट वर्षानुवर्षे विनामोबदला सांभाळणारा कार्यकर्ता थांबतो, तेव्हा मात्र बहुतेक ठिकाणी व्हॉट्सॲपवर एक संदेश येतो. त्यात चार पासवर्ड असतात आणि शेवटी ‘काही अडलं तर फोन करा’ एवढेच. डोमेन कोणाच्या नावावर आहे आणि त्याची मुदत कधी संपते, हे त्यात क्वचितच असते. खरे तर हस्तांतरणाच्या टिपणाची पहिली ओळ तीच असली पाहिजे.

वेबसाइटची पाने ज्या सर्व्हरवर असतात ते होस्टिंग वेगळे आणि वेबसाइटचे नाव, म्हणजे डोमेन, वेगळे. पुष्कळदा दोन्हींचे पैसे दोन वेगळ्या कंपन्यांना, वेगळ्या तारखांना भरावे लागतात. होस्टिंग बंद पडले आणि बॅकअप हाताशी असला, तर दुसऱ्या सर्व्हरवर सगळे पुन्हा उभे करता येते. डोमेन हातचे गेले, तर त्याच नावावर चालणारा संस्थेचा ईमेलही जातो. देणगीच्या पेमेंट गेटवेचा, फेसबुक पानाचा, होस्टिंगचा विसरलेला पासवर्ड बदलण्याची लिंक त्याच ईमेलवर येते. सुटलेले नाव उद्या ज्याने विकत घेतले, त्याला संस्थेच्या पत्त्यावर येणारी पत्रे स्वतःकडे वळवता येतात. म्हणून सगळ्या खात्यांची मालकी अखेर डोमेनपाशी येऊन थांबते.

हे कसे बिघडते, ते एका वाचनालयाच्या उदाहरणाने पाहू. डोमेन .org आहे आणि मुदत 12 नोव्हेंबरला संपते. नवी कार्यकारिणी सप्टेंबरात आली. नोंदणी करणाऱ्या कंपनीला मुदतीच्या साधारण महिनाभर आधी, मग आठवडाभर आधी आणि मुदत संपल्यावर पाच दिवसांच्या आत सूचना पाठवावी लागते. कंपनीने त्या पाठवल्या, पण खात्यात नोंदवलेला ईमेल होता वाचनालयाच्याच डोमेनवरचा, पूर्वीच्या कार्यवाहांसाठी उघडलेला आणि आता कोणीही न पाहणारा. मुदत संपली, काही दिवसांत वेबसाइट बंद झाली आणि तिच्याबरोबर तो ईमेलही बंद झाला. आता पासवर्ड बदलायला गेले तर लिंक त्याच बंद पत्त्यावर जाते. कपाटाची किल्ली त्याच कपाटात राहून कुलूप लागावे, तशी ही स्थिती. म्हणून डोमेनच्या खात्याला जोडलेला ईमेल कधीही त्याच डोमेनवरचा नसावा. तो संस्थेसाठी वेगळा उघडलेला असावा आणि दोन पदाधिकारी तो नियमित पाहत असावेत.

पुढचे दिवस मोजकेच असतात. मुदत संपल्यावर नेहमीच्या दराने नूतनीकरण करू देण्याचा काळ कंपनीगणिक बदलतो. तो फार तर 45 दिवसांचा. नंतरच्या 30 दिवसांत नाव परत मिळते, पण त्यासाठी बरेच जादा शुल्क द्यावे लागते. शेवटच्या 5 दिवसांत काहीच करता येत नाही आणि मग ते नाव कोणालाही घेता येते. काही कंपन्या त्याआधीच नावाचा लिलाव करतात, त्यामुळे एवढे दिवस मिळतीलच असे धरून चालू नये. डिसेंबर 1999 मध्ये मायक्रोसॉफ्टचे passport.com हे नाव असेच नूतनीकरणावाचून राहिले आणि हॉटमेलचे लॉग-इन अडले. अखेर एका बाहेरच्या प्रोग्रॅमरने स्वतःच्या कार्डावरून 35 डॉलर भरले.

‘ऑटो-रिन्यू चालू आहे’ हे वाक्य टिपणात असले तरी त्यावर विसंबू नये. ज्या कार्डावरून पैसे कापले जायचे ते थांबणाऱ्या कार्यकर्त्याचे असेल, तर संस्थेचे नाव त्याच्या कार्डाच्या मुदतीवर टांगलेले राहते. शिवाय 1 ऑक्टोबर 2021 पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे कार्डावरून आपोआप होणाऱ्या वसुलीसाठी खातेदाराने आधी परवानगी नोंदवलेली असावी लागते. ती नसेल तर बँक व्यवहार नाकारते आणि तो नाकारला गेल्याचे संस्थेत कोणाला कळेलच असे नाही. खजिनदाराने एकदाच तीन-चार वर्षांचे पैसे भरून पावती हिशेबाला लावावी, हा मार्ग मला जास्त भरवशाचा वाटतो. डोमेनची नोंदणी एका वेळी 10 वर्षांपर्यंत करता येते.

नोंदणीदार म्हणून संस्थेचे नाव असणे हाही वेगळा मुद्दा आहे. उत्साही कार्यकर्त्याने दहा वर्षांपूर्वी स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्या नावावर डोमेन घेतलेले असते. हेतू चांगला असतो, पण नोंदीपुरते ते नाव त्याचे असते. तो हयात आणि संपर्कात असताना, पदभार सोडण्याआधीच हे बदलून घ्यावे. नंतर वाद झाला, तर आपण कोण, हे कंपनीला कागदावर दाखवावे लागते. सार्वजनिक न्यासांच्या बाबतीत धर्मादाय कार्यालयात 90 दिवसांच्या आत दाखल करायचा बदल अर्ज येथेही उपयोगी पडतो, कारण नव्या विश्वस्तांची अधिकृत नोंद त्यावरूनच होते.

पासवर्डबद्दल थोडेच सांगायचे आहे. एकच पासवर्ड चौघांना वाटण्यापेक्षा प्रत्येकाला स्वतःचे खाते द्यावे आणि जाणाऱ्याचे बंद करावे. ओटीपी त्याच्या खासगी मोबाइलवर येत असेल तर पासवर्ड मिळूनही दार उघडत नाही, हे सोपवण्याच्या दिवशीच तपासावे. खात्याचे रिकव्हरी कोड छापून, पाकिटात बंद करून संस्थेच्या तिजोरीत ठेवावेत. वर्डप्रेसवरचे जुने खाते काढताना एक धोका आहे. त्या खात्यातून टाकलेल्या मजकुराचे काय करायचे, असे स्क्रीनवर विचारले जाते. तेथे Attribute all content to हा पर्याय निवडून नव्या व्यक्तीचे नाव द्यावे. दुसरा पर्याय निवडला, तर त्या कार्यकर्त्याने वर्षानुवर्षे लिहिलेल्या सगळ्या बातम्या, अहवाल आणि कार्यक्रमांची पाने वेबसाइटवरून नाहीशी होतात. म्हणून त्याआधी बॅकअप घ्यावा, आणि तो फाइलींचा व डेटाबेसचा असा दोन्हींचा असावा. नुसत्या फाइलींमधून मजकूर परत येत नाही.

सॉफ्टवेअर अद्ययावत ठेवणे, नव्या कार्यक्रमांची पाने टाकणे, बंद पडलेले फॉर्म दुरुस्त करणे ही रोजची कामे टिपणात असावीतच. पण ती चुकली तर महिन्याभराने सुधारता येतात.

जाणाऱ्या कार्यकर्त्याला टिपण लिहायला सांगून कार्यकारिणीचे काम संपत नाही. ते टिपण कार्यकारिणीच्या बैठकीत वाचले जावे. नव्या कार्यवाहाने त्याच्यासमोर, स्वतःच्या फोनवर ओटीपी घेऊन डोमेनच्या खात्यात लॉग-इन करून दाखवावे. नोंदणीदाराचे नाव, मुदतीची तारीख आणि खात्याचा ईमेल या तीन गोष्टी इतिवृत्तात लिहाव्यात. पासवर्ड तेथे लिहू नयेत. मुदतीची तारीख बहुतेक डोमेनांसाठी lookup.icann.org येथे कोणालाही पाहता येते. तुम्ही एखाद्या संस्थेच्या कार्यकारिणीवर असाल, तर ती आजच पाहा आणि पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत घाला.