शब्दविचार : जगदंबेची नावे

धाराशिव जिल्ह्यातील तुळजापूरच्या देवीस आपण जगदंबा, जगन्माता, जगज्जननी म्हणतो. तिन्ही नावांत मूळ शब्द ‘जगत्’ हाच. संधीत त्याचे रूप पालटते ते पुढील वर्णामुळे. पुढे स्वर आला की त् चा द् होतो, मकारापूर्वी न् आणि जकारापूर्वी ज्. म्हणून ‘जगतजननी’ हे लेखन आम्हांस खटकते.

‘महिषासुरमर्दिनी’त घोटाळा याहून मोठा. येथे ‘महिष’ व ‘असुर’ यांतील दोन अकार मिळून आ झाला आहे. मुले मात्र ‘महिषा-सुर’ असे तोडतात, आणि सुर म्हणजे तर देव! देवीने मारिला तो दैत्य. तेव्हा विग्रह करविताना आ मध्ये मिसळलेला ‘असुरा’चा अ त्यास परत द्यावा.