पेढीवरील संगणक किती वीज घेतो?

खामगावच्या बाजारपेठेतील एखाद्या धान्याच्या पेढीवर संगणक सकाळी दुकान उघडताच सुरू होतो, तो रात्री हिशेब मिटेपर्यंत चालू असतो. त्याचा वीजखर्च काढताना बरेच जण आतील एसएमपीएसवर छापलेला ४५० वॅट हा आकडा धरतात. दहा तासांचे साडेचार युनिट, २६ दिवसांचे ११७ युनिट! हा हिशेब मुळातच चुकीचा आहे. ४५० वॅट ही त्या संचाची कमाल क्षमता. पतमर्यादा मंजूर झाली म्हणजे तेवढी उचल झाली, असे कोणी मानत नाही.

बिल छापून झाल्यावर पुढच्या गिऱ्हाइकाची वाट पाहणारा संगणक जवळजवळ रिकामा असतो. अशा वेळी प्रोसेसर आपली गती आणि विद्युतदाब आपोआप उतरवतो. साधा डेस्कटॉप तेव्हा सुमारे ५० वॅट घेतो, पडदा आणखी २०. वर्षभराच्या खात्यांचा बॅकअप किंवा व्हायरसची तपासणी चालू झाली, की हीच बेरीज १२० पर्यंत चढते. नऊ तास ७० वॅट आणि एक तास १२० वॅट धरल्यास दिवसाला पाऊण युनिट, महिन्याला साडेएकोणीस युनिट होतात. बॅटरीवर टिकण्यासाठीच घडवलेला लॅपटॉप रिकामा असताना १२, भारात ४५ वॅट घेतो. त्याचे महिन्याचे सुमारे चारच युनिट.

हे आकडे यंत्रागणिक बदलतात. खात्री मीटरवर करता येते. मीटरवर `3200 imp/kWh` असे लिहिले असेल, तर लाल दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट झाले. बाकी सारे बंद करून पंधरा मिनिटे मोजावे. ५६ लुकलुकी भरल्या, तर ५६ गुणिले ४ भागिले ३.२, म्हणजे ७० वॅट. मात्र वीज जाऊन आल्यावर लगेच मोजू नये, कारण यूपीएसची बॅटरी भरत असते आणि तिचा भार संगणकाच्या नावावर पडतो. लॅपटॉपही पूर्ण चार्ज झाल्यावरच मोजावा.

फरक साडेपंधरा युनिटांचा. युनिटला १२ रुपये पडत असतील, तर महिन्याला १८६ रुपये. तेवढ्यासाठी चालता डेस्कटॉप काढून चाळीस हजारांचा लॅपटॉप घेतल्यास भांडवल सुटायला सुमारे अठरा वर्षे लागतील. व्यापारी हा सौदा करणार नाही. जुना संगणक निकामी झाल्यावर लॅपटॉपचा विचार ठीक.

खरी गळती रात्रीची. पडदा बंद करून नोकर घरी जातो, खालचा डबा मात्र चालूच राहतो. चौदा तास ५० वॅट, अशा २६ रात्री: १८.२ युनिट, म्हणजे दिवसभराच्या कामाइतकीच वीज.