'बिलोली'त 'ल' किती?

'बिलोली' या गावाच्या नावात 'ल' किती वेळा येतो? मोकळा 'ल' शोधणारा विद्यार्थी चटकन म्हणेल, "एकदाही नाही." माझ्या मते हे उत्तर चूक आहे. काना, मात्रा, वेलांटी ही स्वरांची चिन्हे. ती लागली तरी व्यंजन तेच राहते. म्हणून पेन्सिल घेऊन एकेका अक्षरावर थांबावे. 'बि'मध्ये 'ल' नाही. 'लो'खाली एक टिंब द्यावे, 'ली'खाली दुसरे. टिंबे झाली दोन.

शेजारच्या 'धर्माबाद'मधला 'र' मात्र मोठा लबाड! तो रफार होऊन 'मा'च्या डोक्यावर बसतो आणि घाईच्या नजरेतून सुटतो. 'महाराष्ट्र'मध्ये एक 'र' उघड दिसतो, दुसरा 'ष्ट्र'च्या पायाशी असतो. तेथे टिंब एकच पडले, तर शब्द पुन्हा पहिल्या अक्षरापासून पाहावा.